एक पुरण, दोन कणका: आज्जी-नातीच्या भांडणाची कथा कशी बांधावी

आज्जी आणि नात स्वयंपाकघरात आहेत, चुलीवर काहीतरी शिजतंय आणि घरच्या पदार्थावरून दोघींचं बिनसलंय. अशी कथा आपल्या सीमाभागात जो तो एकदा तरी लिहून बघतो. दिवाळी अंकाच्या गठ्ठ्यात ती हमखास सापडते आणि बहुतेक वेळा दुसऱ्या पानावरच तिचा शेवट कळतो. नात मिक्सर काढते, आज्जी पाटा-वरवंट्याचं नाव घेते, मग नात एक घास खाते आणि तिचे डोळे भरून येतात. लिहिणाऱ्याची भाषा चांगली असते, आज्जीवरचं प्रेमही खरं असतं. पण भांडण खोटं असतं. आज्जीच बरोबर निघणार हे लिहिणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं, आणि पदार्थ नुसता सजावटीला असतो. पुरणपोळीच्या जागी थालीपीठ घातलं तरी एक वाक्य बदलावं लागत नाही.

खाली एकच कथा पदार्थ ठरवण्यापासून शेवटच्या परिच्छेदापर्यंत बांधून दाखवते. गाव खानापूर तालुक्यातलं, दिवस होळीचा.

पदार्थ कोणता घ्यायचा

पदार्थाची निवड चवीवरून करू नका. त्याच्या कृतीत एक तरी जागा अशी हवी की तिथं निर्णय झाला की मागं फिरता येत नाही. ती जागा सापडली तर कथेचं निम्मं काम झालं.

बेळगावचं नाव काढलं की पहिल्यांदा कुंदा आठवतो. पण कुंदा बहुतेक घरांत दुकानातून येतो, त्यावरून आज्जी-नातीचं भांडण व्हायला दोघींनी तो घरी आटवायला तरी हवा. मांड्यांचं तेच. लग्नाकार्याला मांडे लागतात, पण ते करणारे हात वेगळे असतात आणि घरचे लोक ऑर्डर देतात. मग येळवणीची आमटी घेऊन बघू. तिच्यात भांडण आयतं आहे: रंगाला ब्याडगी मिरची घालायची की ठसक्याला संकेश्वरी. दोन्ही मिरच्या आपल्या टापूतल्या, दोन्हींचे कट्टर भक्त घरोघरी. तरीही कथेला हे भांडण पुरत नाही, कारण ते मिटवता येतं. दोन्ही थोड्या थोड्या घाला, तिखट कमी वाटलं तर वरून फोडणी द्या. ज्यात तडजोड सहज होते त्यात ताण उरत नाही.

पुरणपोळीत मात्र अशी जागा आहे, आणि ती पुरणात नसून कणकेत आहे. पोळी दोन रीतींनी होते. एक तेलावरची. तिला मैदा, किंवा मैद्यात थोडी कणीक घालून, अगदी सैल भिजवतात. पीठ ओढलं की लांबलं पाहिजे. वर तेल ओतून ते दोन-तीन तास मुरू देतात. मग केळीच्या पानावर तेलाच्या बोटांनी मधून कडेकडे थापत न्यायची आणि पानासकट तव्यावर उलटी टाकून पान सोडवून घ्यायचं. दुसरी लाटलेली. तिला बारीक चाळलेली कणीक, मऊ पण हाताला न चिकटणारी, आणि लाटताना तांदळाची पिठी. पिठी घ्यायची कारण ती कणकेत मुरत नाही, वर कोरडी राहते आणि पोळी पोळपाटावर सरकत राहते.

आता बघा. तेलात मुरलेल्या सैल पिठाची पोळी लाटायला घेतली तर तेलकट अंगावर पिठी डागाडागानं चिकटते, लाटण्याला पीठ लागतं आणि उचलताना पोळी फाटते. बरं, त्यात वरून कोरडं पीठ मळावं तर तेलानं माखलेलं पीठ नवं पीठ नीट घेत नाही, आत पांढऱ्या रेघा राहतात. म्हणजे थापायची की लाटायची हे पोळी करायच्या कितीतरी आधी, सकाळी परातीत पाणी ओतताना ठरतं. आपल्याला हवी होती ती जागा हीच.

आधी घड्याळ लिहून काढा

कथा लिहायच्या आधी पदार्थ एकदा स्वतः करा किंवा करणारीच्या शेजारी उभं राहा, आणि कोणत्या वेळी कुणाचे हात कशात आहेत ते कागदावर उतरवा. हे टाळलं तर कथेतली माणसं नुसती बोलत राहतात, आणि त्यांच्या हातांचं काय करायचं ते लिहिणाऱ्याला कळत नाही. मग कुणीतरी 'पदराला हात पुसतं' किंवा 'खिडकीबाहेर बघतं'.

आपल्या कथेत अर्धा किलो हरभऱ्याची डाळ आणि अर्धा किलो गूळ आहे. एवढ्यात अठरा ते वीस पोळ्या होतात. सात वाजता भिजलेली डाळ पातेल्यात भरपूर पाण्यात शिजायला पडते. आठच्या सुमाराला नात कणीक भिजवते. साडेआठला डाळ बोटांत चुरडते का ते पाहून चाळणीत निथळतात, खालची येळवणी आमटीला बाजूला ठेवतात. मग डाळ आणि गूळ कढईत. गूळ पडला की आधी सगळं पातळ होतं, मग पंचवीसेक मिनिटं ढवळत आटवायचं. पुरण झालं की नाही हे बघायची रीत सगळ्यांना माहीत आहे: उलथनं मधोमध उभं करायचं, ते उभं राहिलं तर झालं. मग वेलची-जायफळ आणि गरम आहे तोवर पुरणयंत्रातून काढायचं. अकराला तवा तापतो.

या चार तासांतलं सगळं कथेत आणायचं नाही. डाळ शिजण्याचा तास एका वाक्यात संपवा. पुरणयंत्राचं वर्णन करायचा मोह सगळ्यांना होतो, कारण ते लहानपणी आपण फिरवलेलं असतं. या कथेत त्याचं काही काम नाही, सोडून द्या. जागा द्यायची ती दोन ठिकाणी. एक, आठ ते नऊ, जेव्हा भिजवलेली कणीक दिसते आणि कढईतलं पुरण आटतं. दोन, अकरा वाजता तव्यापाशी.

अजून एक गोष्ट घड्याळातच ठरवून टाका: पुरण एकच आहे. आज्जीनं तिच्या रीतीची एक पोळी केली की नातीची एक कमी. आणि संध्याकाळी होळीला नैवेद्य जायचा आहे, त्या ताटात पोळी अखंड लागते, फाटकी चालत नाही. कुणाची पोळी नैवेद्याला जाणार हा प्रश्न कथेत कुणीही तोंडानं विचारायची गरज नाही. घरातल्या सगळ्यांना तो ठाऊक असतो.

वयाचा हिशेब

आपल्याकडच्या कथांत आज्जी नेहमी 'ऐंशीच्या घरातली' असते आणि तिचा जन्म कधीचा हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं. जन्मवर्ष धरा आणि पुढं मोजा. हे सगळं कथेत लिहायचं नसतं, पण त्यातूनच भांडणाचं खरं कारण हाताला लागतं.

ही होळी २०२५ ची धरू. आज्जी १९४९ ची. १ नोव्हेंबर १९५६ ला तिचं गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा ती सात वर्षांची, मराठी शाळेत. १९६८ ला लग्न होऊन ती या घरात आली. राज्याचं नाव कर्नाटक झालं ते १९७३ ला, तोवर ती कडेवर पोर घेऊन चुलीपुढं. सासूबाई १९९५ ला गेल्या. नात पूर्वा १९९९ ची. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं तेव्हा ती पंधराची होती. आता पुण्यात नोकरी करते. आजोबा २०२४ च्या जानेवारीत गेले. घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, म्हणजे त्या वर्षी या घरात होळीचं पुरण शिजलंच नाही. यंदाचं पुरण त्यांच्यामागचं पहिलं.

या आकड्यांत कथा दिसायला लागली की नाही? पूर्वानं पणजीला पाहिलेलंच नाही. तिला तेलावरची पोळी 'आज्जीची पोळी' म्हणून माहीत आहे. पण आज्जीनं ती शिकली या घरात, सासूबाईंच्या हाताखाली. तिच्या माहेरी पोळी लाटायची. सासूबाई होत्या तोवर ती त्यांच्या रीतीनं थापत राहिली, आणि त्या गेल्यावरही, कारण नवऱ्याला तीच लागायची. अशी पंचावन्न वर्षं.

म्हणून या कथेत बाजू उलट्या होतात. जुनी रीत सोडायची नाही म्हणून हट्ट धरते ती नात, आणि पोळपाट काढते ती आज्जी. वाचक आज्जीला परंपरेच्या खुर्चीत बसवूनच कथा उघडतो. तिलाच तिथून उठवलं की तो सावरून वाचायला लागतो. हे चमत्कृती म्हणून करू नका. वयाच्या हिशेबातून आपोआप येत असेल तरच करा.

एक इशारा खास सीमाभागातल्या लिहिणाऱ्यांसाठी. दोन रीती दिसल्या की एक मराठी आणि एक कन्नड अशी वाटणी करायचा मोह होतो. मग पोळी बाजूला राहते आणि कथा सीमाप्रश्नाचं रूपक होऊन बसते. मुळात ही वाटणी खोटी आहे. थापलेली आणि लाटलेली, दोन्ही पोळ्या सीमेच्या दोन्ही अंगांना होतात, एकाच गल्लीत शेजारीशेजारी होतात. आज्जीची रीत बदलली ती सीमा सरकल्यामुळं नव्हे, लग्न झाल्यामुळं. आणि लग्नानं बाईच्या हातची चव पुसली जाते ही गोष्ट आपल्या टापूत सीमेपेक्षा जुनी आहे. १९५६ तुमच्या वहीत असू द्या. कथेत आलंच तर एखाद्या डब्यावर, एखाद्या पाटीवर येऊन जाऊ दे.

बोलणं

आपल्याकडच्या आज्ज्या प्रमाण मराठी बोलत नाहीत, आणि कथेत बोलल्या की लगेच खोट्या वाटतात. पण प्रत्येक शब्द बोलीत लिहिला तर वाचक अडखळतो. मधला मार्ग असा: वाक्याची चाल बोलीची ठेवा आणि शब्द सोपे. 'ये की', 'बस की', 'नको की' यातला 'की' पुरे आहे. बेळगाव-खानापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी करतो, मी जातो' असं बोलतात. आज्जीच्या तोंडी ते तसंच ठेवा, समजावून सांगू नका. बाहेरच्या वाचकाला दोन ओळींत लागतं ते.

पूर्वा पुण्यात राहते, त्यामुळं ती 'मी करते' म्हणणार. आज्जीला 'तू'च म्हणणार, आपल्याकडं आज्जीला अहो-जाहो करत नाहीत. पण ती चिडली की जीभ घरच्या वळणावर जाईल. 'का नाही' चं 'का न्हाई' होईल. असं एकदाच करा. दोनदा केलं की ती युक्ती दिसते.

कन्नड शब्द यायचा तर कामाचा यावा. आज्जी तेल ओतणाऱ्या नातीला 'साक, साक' म्हणाली तर बाटली उभी होण्यावरूनच अर्थ कळतो. शेजारच्या अक्काला फक्त कन्नड बोलण्यासाठी कथेत आणू नका.

सगळ्यात मोठी काळजी घ्यायची ती अशी की दोघींपैकी कुणीही खरं कारण बोलून दाखवायचं नाही. आज्जी म्हणाली की 'मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवडीचं केलं', तर कथा तिथंच संपली, पुढं भाषण उरलं. प्रत्येकीच्या तोंडी स्वयंपाकातलं कारण द्या, आणि ते खरोखर पटण्यासारखं द्या.

पहिला मोठा प्रसंग

आठ वाजता. डाळ चुलीवर आहे, आज्जी देवपूजा आटपून आत येते.

> आज्जीनं परातीवरचं ताट उचललं. तेलाखाली पीठ पसरून बसलं होतं. तिनं एक बोट रोवलं, वर काढलं. पीठ बोटाबरोबर वर आलं, लांबलं आणि तुटलं.
>
> "ही कणीक कुणी भिजवली?"
>
> "मी. तेल बघ, तू घालतीस तेवढंच घातलंय."
>
> "पातळ हाय."
>
> "पातळच लागते की. पानावर थापायला. पानं पण आणलीत काकांनी."
>
> आज्जीनं ताट परत ठेवलं. बोटाचं तेल मनगटाला पुसलं.
>
> "यंदा लाटूया."
>
> "काय?"
>
> "पोळी. लाटत्यात की लोक."
>
> "लोक लाटतात. आपण थापतो."
>
> आज्जी फळीवरचे डबे हलवत होती. तांदळाच्या पिठीचा डबा सगळ्यांच्या मागं होता.
>
> "आपण म्हंजे कोण?" ती डब्याला म्हणाली.
>
> "आज्जी, असं काय करतीस? आत्या तशीच करते. बाबा म्हणतात लाटलेली पोळी कोरडी लागते, दुसऱ्या दिवशी चामड्यासारखी होते."
>
> "दूध घालून खायाची. मग न्हाई होत."
>
> तिनं दुसरी परात घेतली. चाळणीतून कणीक चाळली, कोंडा एका कागदावर काढून ठेवला. मीठ टाकलं. पाणी अगदी बेतानं, ओंजळीनं.
>
> पूर्वा बघत राहिली. तेलाच्या परातीपेक्षा ही परात लहान होती.
>
> "एवढी वर्षं मग का न्हाई लाटलीस?"
>
> आज्जीचे हात थांबले नाहीत. "तशी खाणारा होता."
>
> कढईत पुरण फुटायला लागलं होतं. एक थेंब उडून पूर्वाच्या हातावर बसला.
>
> "ढवळ की. खाली लागंल," आज्जी म्हणाली. तिचे दोन्ही हात कणकेत होते.
>
> पूर्वानं ढवळलं. हात भरून येईपर्यंत ढवळलं. मग उलथनं मधोमध रोवून सोडलं. ते क्षणभर उभं राहिलं आणि हळूहळू कढईच्या काठाला टेकलं. तिनं गॅस बंद केला.

या प्रसंगात दोन गोष्टी पेरल्या आहेत, त्या नीट बघा. आठला भिजवलेली कणीक दिसते आणि पावणेनऊनंतर पुरण आटायला लागतं, म्हणजे मधे पाऊण तास आहे. तो गाळला आहे. कढई कधी चढली हे सांगितलंच नाही. पुरण फुटायला लागलं की वाचकाला वेळ गेल्याचं आपोआप कळतं, आणि दोघींचं बोलणं न तुटता चाललं असं वाटतं. घड्याळ लिहून ठेवल्यावरच अशी लबाडी करता येते.

दुसरी गोष्ट कललेलं उलथनं. पुरण अजून पाच-सात मिनिटं आटायला हवं होतं. पूर्वाला ते माहीतही असेल, पण तिच्या सैल कणकेला थोडं मऊ पुरण चालून जातं: पानावर बोटांनी थापताना दाब हलका असतो, पुरण कणकेबरोबर पसरतं. लाटण्याचा दाब वेगळा. तो पुरणाला कडेकडे ढकलतो. पुरण मऊ असलं की ते कडेला जमा होतं आणि तिथली कणीक फाडून बाहेर येतं. एरवी आज्जीनं उलथनं बघितलंच असतं. आज ती स्वतःची कणीक मळत होती म्हणून तिचं लक्ष कढईकडं नव्हतं. तिच्या हट्टाची किंमत अशी तिच्याच हातून ठरते, आणि लिहिणाऱ्यानं त्यावर एक शब्दही बोलायचा नाही. पुरण मऊ राहिलं हे वाचकाला या घडीला समजलं नाही तरी चालेल. ते पानावर असलं म्हणजे झालं.

"तशी खाणारा होता" हे वाक्य प्रसंगाच्या शेवटी ठेवू नका. शेवटी ठेवलं की ते टाळी मागतं. त्याच्यामागोमाग पुरण फुटू द्या, हात भाजू द्या. तेवढ्यात वाचक हिशेब करतो.

तव्यापाशी

अकरा वाजता दोन शेगड्या, दोन तवे. इथं लिहिणाऱ्याला घाई होते. करू नका, कारण कथेचा निकाल इथं लागतो आणि तो हातांच्या हालचालीतूनच लागतो.

पूर्वा थापते. पहिली पोळी पानाला चिकटते, कारण पानाला तेल कमी लावलंय. दुसरी नीट सुटते. तिसरीपासून तिला लय सापडते: गोळा, पुरण, मिटवणं, पान, बोटं, तवा. आज्जी लाटते. तिला रोजच्या चपात्यांचा हात आहे, त्यामुळं सुरुवात सुरेख होते. उंडा पिठीत घोळवून ती कडेनं लाटत जाते, मधे लाटणं टेकत नाही. मग एका जागी कड ओली दिसते. ती बोटानं पिठी लावून झाकते. लाटण्यावर गुंडाळून उचलताना पोळी तिथंच उघडते आणि पुरण तव्यावर पडून करपायला लागतं. सांडलेली पिठीही काळी होते. आज्जी ओल्या फडक्यानं तवा पुसते आणि दुसरा उंडा घेते.

किती पोळ्या फाटायच्या? सगळ्या नकोत, नाहीतर आज्जी नालायक ठरते. पहिली फाटेल, दुसरी कडेला उघडेल, तिसरी जमेल पण वेडीवाकडी. एवढ्यात आज्जीला कळलेलं असतं की दोष पुरणाचा आहे. ती कढईकडं बघते. पूर्वा ते बघताना बघते. इथं कुणी बोललं तर दोन शब्द फार झाले: "मऊ ऱ्हायलं." पूर्वानं माफी मागायची नाही. माफी मागितली की वाद मिटतो, आणि हा वाद मिटावा अशी कथेची गरज नाही.

आता ताट वाढायचं. माझ्याकडं येणाऱ्या कथांत या जागी तीन शेवट हटकून असतात. पहिला, ताटात दोन्ही रीतींच्या पोळ्या जातात. कानाला गोड लागतं, पण दोघींनी सकाळपासून जे ताणलं ते फुकट गेलं. दुसरा, नात म्हणते "आज्जी, मला लाटायला शिकव". हा शेवट आज्जीला परत खुर्चीत बसवतो. तिसरा, भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडं कॅमेरा वळतो. वाचकानं मनात लावलेला हिशेब तुम्ही त्याच्या हातातून काढून घेताय.

पदार्थालाच निकाल देऊ द्या. नैवेद्याला अखंड पोळी लागते आणि अखंड पोळ्या पूर्वाच्या आहेत. आज्जी स्वतः उठून पूर्वाच्या चवडीतली वरची सोडून खालची, सगळ्यात गोल पोळी काढते, ताटात ठेवते, तुपाची धार सोडते. वादात ती हरली. मग पहिल्या फाटक्या पोळीचा तुकडा मोडून तव्यापाशीच उभ्यानं खाते. पूर्वा विचारते, "कशी झालीय?" आज्जी म्हणते, "दूध दे." कथा इथं थांबवा. पुढं ती दूध घालून खाते, तिला माहेर आठवतं, हे सगळं 'दूध दे' मध्ये आलेलं आहे, कारण सकाळी तिनं लाटलेली पोळी दुधाबरोबर खायची असं सांगितलं होतं. ते वाक्य तेव्हा नुसतं भांडणातलं उत्तर वाटलं पाहिजे. जास्त वजन दिलं असेल तर सकाळच्या प्रसंगात जाऊन ते हलकं करा.

परत वाचताना

पहिला खर्डा झाला की आठवडाभर बाजूला ठेवा आणि मग तीन गोष्टी तपासा.

संवादांमागची नावं झाकून वाचा. कोण बोलतंय ते कळत नसेल तर बोली वाढवू नका, कारणं तपासा. पूर्वा 'आपण' म्हणते, आज्जी 'लोक' म्हणते, एवढ्यानंही माणसं वेगळी होतात.

मग पदार्थ काढून दुसरा घालून बघा. कणकेच्या जागी दुसरं काही चाललं तर तुमचा पदार्थ अजून सजावटच आहे. वरच्या कथेत मऊ पुरण, तेलातली कणीक, अखंड नैवेद्य यातलं एक जरी काढलं तरी शेवट कोसळतो, आणि तसाच कोसळला पाहिजे.

शेवटी कृती उतरवल्याचे परिच्छेद शोधा. 'अर्धा किलो डाळ, अर्धा किलो गूळ' कथेत लिहायचं कारण नाही, ते तुमच्या वहीतलं. मात्र आकडा माणसाच्या तोंडी कामाला येत असेल तर ठेवा. पूर्वा मनात मोजत असेल की वीसातल्या तीन पोळ्या फाटक्यात गेल्या, दोन आत्याकडं द्यायच्यात, तर तो आकडा भांडणाचा भाग आहे.

लांबी दोन हजार शब्दांच्या आतबाहेर पुरे. वाढली असेल तर ती बहुधा सुरुवातीलाच वाढलेली असते: पूर्वाचा पुण्याहून येण्याचा प्रवास, एसटी स्टँड, अंगणातली तुळस. कथा परातीवरचं ताट उचलण्यापासून सुरू करा. पूर्वा कुठून आली ते तिच्या 'मी करते'वरून कळतंय.